सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत आणि शाश्वत विकास: प्रसंगावरून सिद्धांत कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरण कायद्याच्या पेपरात आठ-दहा ओळींचा प्रसंग दिलेला असतो आणि खाली विचारलेले असते, ‘कोणता सिद्धांत लागू होईल? कारणे द्या.’ एलएलबीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांकडून याबद्दल वर्षभर ज्या शंका येतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा लिहिलेला नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत म्हणजे नेमके काय?

हवा, वाहते पाणी, समुद्र, किनारा, जंगल यांसारखी संसाधने सगळ्या जनतेची आहेत आणि सरकार त्यांचे मालक नसून विश्वस्त आहे, असे हा सिद्धांत सांगतो. मुळात हा विचार रोमन कायद्यातला आहे. अमेरिकेत 1892 साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या खटल्यात त्याला धार आली. मिशिगन सरोवराच्या तळाची हजारभर एकर जमीन विधिमंडळाने रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती आणि काही वर्षांनी ते दान रद्द केले होते. ते रद्द करणे योग्यच होते, असा निकाल लागला.

भारतात हा सिद्धांत 1996 च्या डिसेंबरमध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या निकालाने आला (प्रश्न 4 पाहा). त्यात सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ सॅक्स या अमेरिकी प्राध्यापकांनी मांडलेली तीन बंधने उद्धृत केली. ती पाठ असू द्या. विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता सार्वजनिक कामासाठीच वापरायची आणि लोकांना खुली ठेवायची. पूर्ण किंमत मिळत असली तरी ती विकायची नाही. आणि तिचा जो मूळ प्रकारचा उपयोग आहे, त्यासाठीच ती राखायची.

दुसऱ्या बंधनाकडे विद्यार्थ्यांचे नेहमी दुर्लक्ष होते. ‘नगरपरिषदेला बाजारभावाने पैसे मिळाले’ असे वाक्य प्रसंगात आले की हात थांबतो. भाव चांगला मिळाला हा इथे बचावच नाही.

2. शाश्वत विकास तर सरकारी भाषणातही असतो. तो कायद्याची कसोटी कसा होतो?

‘पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न गमावता आजच्या गरजा भागवणे’ ही 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या सगळ्यांना येते. पण तेवढी लिहून गुण मिळत नाहीत, कारण व्याख्येवरून कोणताही वाद सुटत नाही. वाद सुटतो तो तिच्या पोटातल्या दोन तत्त्वांनी. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या 1996 च्या निकालाने ती पक्की केली. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांचे सांडपाणी पालार नदीच्या खोऱ्यात मुरत होते आणि विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नव्हते.

पहिले खबरदारीचे तत्त्व. गंभीर हानीचा धोका असेल तर शास्त्रीय खात्री नाही म्हणून उपाय पुढे ढकलता येत नाहीत, आणि आपले काम निसर्गाला घातक नाही हे दाखवण्याचा भार उद्योजकावर किंवा प्रकल्प करणाऱ्यावर येतो. दुसरे प्रदूषकाने भरण्याचे तत्त्व. इथे पीडितांची नुकसानभरपाई तर येतेच, शिवाय बिघडलेली जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही येतो. हा दुसरा भाग उत्तरात हमखास गळतो.

3. प्रसंग वाचताना कोणता सिद्धांत लागू आहे हे कसे ओळखायचे?

आधी पाहा की प्रसंगात काही हातातून जात आहे का. सर्वांच्या वापरातली एखादी गोष्ट, म्हणजे तळे, नदीपात्र, किनारा, बाग किंवा जंगल, सरकार किंवा स्थानिक संस्था कुणा एकाला देत असेल, भाड्याने लावत असेल किंवा लोकांना तिथे जायला बंदी करत असेल, तर वाद विश्वस्ताच्या अधिकाराचा आहे. सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत इथे पहिला लिहायचा.

हस्तांतर काहीच नसेल, एखादे धरण, रस्ता, खाण किंवा कारखाना व्हावा की नाही, झाला तर कोणत्या अटींवर, एवढाच वाद असेल, तर तो शाश्वत विकासाचा आहे.

दोन्ही एकत्र असतील तर क्रम महत्त्वाचा. ‘देण्याचा अधिकार होता का’ हे आधी, ‘काम कसे व्हावे’ हे नंतर. बहुतेक विद्यार्थी उलटे करतात. पहिल्याच परिच्छेदात ‘विकास आणि पर्यावरण यांचा समतोल’ मांडतात आणि मग तळे बिल्डरला दिले तरी बाजूला झाडे लावली म्हणजे चालेल, अशा निष्कर्षाला पोचतात. जे द्यायचा अधिकारच नव्हता, त्याच्या अटी चांगल्या होत्या की वाईट हा प्रश्न उरत नाही. या एका क्रमाने निम्मी उत्तरे सुधारतात, हे मी पेपर तपासताना पाहत आले आहे.

4. कमल नाथ खटल्यात नक्की काय घडले होते? उत्तरात किती तपशील लिहावा?

हा खटला नीट समजला की बाकीचे प्रसंग त्याच्याशी ताडून पाहता येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुलू-मनाली भागात बियास नदीच्या काठी स्पॅन मोटेल होते. त्याच्या मालक कंपनीशी माजी केंद्रीय पर्यावरणमंत्री कमल नाथ यांच्या कुटुंबाचा थेट संबंध असल्याची बातमी 1996 मध्ये इंडियन एक्सप्रेसमध्ये आली आणि न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. मोटेलने आपल्या भाडेपट्ट्याला लागून असलेल्या 27 बिघे 12 बिस्वे जमिनीवर आधी अतिक्रमण केले होते. त्यात बरीच वनजमीन होती. पुढे केंद्राने मंजुरी दिली आणि 1994 मध्ये तीच जमीन रीतसर पट्ट्याने मिळाली. नदीचे पाणी मोटेलकडे येऊ नये म्हणून कंपनीने पात्रात यंत्रे उतरवून गाळ काढला, तारेच्या जाळीत दगड भरून बांध घातले आणि प्रवाह वळवला.

इथे दोन वेगळी कृत्ये आहेत. नाजूक काठ खासगी कंपनीला पट्ट्याने देणे हे सरकारचे कृत्य. तो विश्वासघात ठरला, मंजुरी आणि पट्टा दोन्ही रद्द झाले. प्रवाहात ढवळाढवळ हे कंपनीचे कृत्य. त्यासाठी प्रदूषकाने भरण्याचे तत्त्व लावून परिसर पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला. पुढे 2002 मध्ये न्यायालयाने 10 लाख रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाईही ठोठावली. कोणत्या कृत्याला कोणता सिद्धांत, ही फोड तुमच्या उत्तरात दिसली पाहिजे. बिघे-बिस्वे लिहिले नाहीत तरी चालेल.

आणखी एक वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. कायदेमंडळाने केलेला कायदा नसताना कार्यकारी यंत्रणेला ही संसाधने खासगी मालकीत किंवा व्यापारी वापरात बदलता येणार नाहीत, मात्र सद्भावनेने, लोकहितासाठी आणि सार्वजनिक हितासाठी तसे करणे आवश्यक आहे असे न्यायालयाला वाटले तर गोष्ट वेगळी, असे निकालात म्हटले आहे. सगळे अवघड प्रसंग याच ‘मात्र’भोवती रचलेले असतात (प्रश्न 7 पाहा).

5. एखादा प्रसंग पूर्ण सोडवून दाखवाल का?

प्रसंग असा घेऊ. एका नगरपरिषदेने नदीकाठची, निळ्या पूररेषेच्या आतली सहा एकर जमीन एका विकासकाला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तिथे गावाचा आठवडी गुरांचा बाजार भरायचा, बायका घाटावर कपडे धुवायला जायच्या, पावसाळ्यात पुराचे पाणी पसरायचे. विकासक तिथे मंगल कार्यालय आणि पार्किंग करणार आहे. त्याने पात्रालगत भराव टाकायला सुरुवात केली आहे. नगरपरिषदेचे म्हणणे असे की भाडे बाजारभावाने ठरले, ठराव बहुमताने झाला आणि विकासक पाचशे झाडे लावणार आहे.

सुरुवात जमिनीपासून करा. नदीचा काठ आणि पूरक्षेत्र हा नदीचाच भाग आहे. कमल नाथ खटल्यातही जागा अशीच होती. मग वापर पाहा. घाट आणि बाजार हे लोकांचे चालत आलेले उपयोग आहेत, ते बंद होणार. लाभ कुणाला? एका विकासकाला. मंगल कार्यालय लोकांच्या उपयोगी पडते, हा युक्तिवाद येईल. तो खोडायला हवा, कारण पैसे भरणाऱ्यालाच तिथे प्रवेश आहे आणि हे कार्यालय दुसरीकडेही बांधता येते.

आता बचाव एकेक करून. बाजारभाव चालत नाही (प्रश्न 1). बहुमताचा ठराव हा कार्यकारी निर्णय आहे, कायदेमंडळाचा कायदा नव्हे, आणि विश्वस्ताने ठराव केला म्हणून विश्वस्तपण संपत नाही. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली दुकाने बांधायला महापालिकेने परवानगी दिली होती, तीही एम. आय. बिल्डर्स या 1999 च्या निकालात टिकली नाही. झाडे लावण्याची अट शाश्वत विकासाच्या चर्चेतली आहे. आपण तिथपर्यंत पोचतच नाही.

राहिला भराव. पूर किती वाढेल हे आत्ता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, म्हणून खबरदारीचे तत्त्व. टाकलेला भराव काढून काठ पूर्ववत करायचा खर्च विकासकाचा, म्हणून प्रदूषकाने भरण्याचे तत्त्व. शेवटी मागणी लिहा: पट्टा रद्द, भरावाला तात्काळ स्थगिती, काठ पूर्ववत, लोकांचा वापर पुन्हा सुरू.

निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. प्रसंगात हा शब्द आला असेल तर नियोजनाच्या नियमांचा भंग हा स्वतंत्र मुद्दा एका ओळीत लिहा, पण त्यावरच उत्तर संपवू नका.

6. खासगी जमिनीवरच्या कारखान्याने नदीत रसायन सोडले. नदी सार्वजनिक आहे, मग विश्वस्त सिद्धांतच ना?

मुख्य उत्तर तो नाही. कारखान्याविरुद्ध थेट शस्त्र प्रदूषकाने भरण्याचे तत्त्व हेच आहे. राजस्थानातल्या बिछडी गावचे पाणी एच-ॲसिडच्या कारखान्यांनी नासवले, त्या 1996 च्या निकालात हेच झाले.

विश्वस्त सिद्धांत आणायचा असेल तर तो सरकारकडे वळवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला माहिती असून त्याने डोळेझाक केली, असे प्रसंगात असेल तर विश्वस्ताने कर्तव्य टाळले असे म्हणता येते. तसे काही लिहिलेले नसेल तर ओढून ताणून आणू नका.

7. सरकार स्वतःच लोकोपयोगी प्रकल्पासाठी जंगल किंवा खारफुटी तोडत असेल तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न. इथे खासगी लाभार्थी नाही, म्हणून काहीजण विश्वस्त सिद्धांत पूर्ण सोडतात. काहीजण तोडच होणार नाही, असे ठामपणे लिहितात. दोन्ही बरोबर नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये खारफुटीबद्दल दिलेला निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. खारफुटीचा नाश हा अनुच्छेद 21 चा भंग आहे, विश्वस्त सिद्धांतामुळे तिचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे आणि तिच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा हवा, असे त्यात म्हटले. पण दारही ठेवले: सार्वजनिक हितासाठी आवश्यक असल्याचे न्यायालयाला पटले, तरच तोड. प्रश्न 4 मधले ‘मात्र’ ते हेच.

मग डिसेंबर 2022 मध्ये त्याच न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार खारफुटीची झाडे तोडायला परवानगी दिली. मूळ आराखड्यात आकडा 50 हजारांच्या वर होता, तो कमी करून आणला होता. मला ही परवानगी मनाला लागली, आणि ज्या खाड्यांकाठी मासेमारी करून माणसे जगतात त्यांना ती किती लागली असेल. तरी कायद्याचा विद्यार्थी म्हणून तिची बांधणी पाहावी लागते: प्रकल्प सार्वजनिक आहे का, पर्याय तपासला का, नुकसान शक्य तितके घटवले का, भरपाईची लागवड ठरली का. उत्तरात पहिला मुद्दा विश्वस्त सिद्धांताखाली आणि पुढचे तीन शाश्वत विकासाखाली घ्या. प्रसंगात पर्याय तपासल्याचा उल्लेखच नसेल, तर उत्तर तिथेच फिरते.

8. माणसाने बांधलेल्या तलावाला हा सिद्धांत लागतो का?

इथे कायदा सरकला आहे, म्हणून जुन्या नोट्सवर विसंबू नका. सुसेता विरुद्ध तमिळनाडू राज्य या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जलसाठे आणि कृत्रिम तळी यांत फरक केला होता. नैसर्गिक साठा वापरातून गेला असला तरी तो पुन्हा जिवंत करायला हवा. वापरात नसलेल्या कृत्रिम तळ्याला तेच तत्त्व लागत नाही, असे सांगून तिथल्या बांधकामाला मोकळीक मिळाली.

ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरच्या फुटाळा तलावाचा निकाल आला. भोसल्यांच्या काळात बांधलेला हा तलाव 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत बसत नाही, कारण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले साठे त्या व्याख्येतून वगळले आहेत. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले की विश्वस्त सिद्धांत फक्त निसर्गदत्त जलाशयांपुरता नाही. निरोगी पर्यावरणाला हातभार लावणाऱ्या मानवनिर्मित गोष्टींनाही तो लागू होतो. तलावातल्या बांधकामाविरुद्धची याचिका मात्र फेटाळली गेली. तलावात कायमचे बांधकाम होऊ नये, हे उच्च न्यायालयाने आधीच बजावले होते.

म्हणून आता लिहायचे असे: तळे कृत्रिम आहे एवढ्यावर सिद्धांत नाकारता येत नाही. ते आजही पाणी धरते का, पर्यावरणात त्याचे काही काम आहे का, आणि होणारे बांधकाम कायमचे आहे का, हे पाहायचे.

9. जमीन खासगी मालकाचीच आहे, पण त्याने किनाऱ्याची वाट अडवली. आता?

गोव्यातल्या दोना पावलाजवळच्या वांयगिणी किनाऱ्याचा फोमेंतो रिसॉर्ट्स हा 2009 चा निकाल इथे बसतो. हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून दिली होती आणि करारात लोकांना किनाऱ्यावर जायला वाट मोकळी ठेवण्याची अट होती. पुढे वाट अडली. सर्वोच्च न्यायालयाने गोमंतकीयांच्या बाजूने निकाल दिला.

खाचखळगा असा: या खटल्यात अट आणि संपादन दोन्ही होते. प्रसंगात पिढीजात खासगी जमीन असेल, अट नसेल आणि किनाऱ्याला दुसरी वाट असेल, तर फोमेंतो जसाच्या तसा लावू नका. किनारा सार्वजनिक आहे हे खरे, पण कुणाच्याही अंगणातून जाण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. वहिवाटीच्या हक्काचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासा.

10. धोका माहीत असेल तर खबरदारीचे तत्त्व लागते का?

नर्मदा बचाव आंदोलनाच्या 2000 च्या निकालाने इथे रेषा ओढली. हानी किती होईल हे अज्ञात असते तेव्हा खबरदारीचे तत्त्व आणि सिद्धतेचा भार यांचा विषय येतो. धरणासारख्या कामाचे परिणाम माहीत असतात, तेव्हा ते कमी करण्याच्या उपायांसह शाश्वत विकासाची कसोटी लागते. ही रेषा मोठ्या धरणांबाबत फार उदार आहे असे माझे मत आहे, कारण परिणाम माहीत असणे आणि उपाय प्रत्यक्षात होणे यांत गावेच्या गावे बुडतात. परीक्षेत मात्र निकाल आधी लिहा, टीका नंतर.

11. स्पेक्ट्रम, खनिजे यांनाही विश्वस्त सिद्धांत लागतो का? मग लिलाव सक्तीचा?

लागतो. 2012 च्या टूजी निकालात 122 परवाने रद्द करताना राज्याला नैसर्गिक संसाधनांचे विश्वस्त म्हटले गेले. त्याच वर्षी राष्ट्रपतींनी मागवलेल्या अभिप्रायात न्यायालयाने स्पष्ट केले की लिलाव हीच एक घटनात्मक पद्धत नाही. वाटप न्याय्य, पारदर्शक आणि लोकहिताचे हवे.

12. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात विश्वस्त सिद्धांत मांडता येतो का? कायद्यात तर तो नाही.

बरोबर पाहिलेत. 2010 च्या अधिनियमातल्या कलम 20 मध्ये शाश्वत विकास, खबरदारी आणि प्रदूषकाने भरणे ही तीनच तत्त्वे लिहिली आहेत. म्हणून बहुपर्यायी प्रश्नात ‘कलम 20 मध्ये खालीलपैकी काय नाही’ याचे उत्तर सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत. पण सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा न्यायाधिकरणावरही बंधनकारक आहे, त्यामुळे युक्तिवादात तो आणायला काही आडकाठी नाही.

जमिनीचा पट्टाच रद्द करून हवा असेल, तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा रस्ता सहसा सरळ पडतो. प्रदूषणाची भरपाई आणि परिसर पूर्ववत करणे हवे असेल, तर न्यायाधिकरणाचे कलम 15. तिथे मुदत पाच वर्षांची आहे. कलम 14 खालच्या वादांना मात्र सहाच महिने, आणि प्रसंगात तारखा दिलेल्या असतील तर त्या यासाठीच दिलेल्या असतात.

13. प्रवेश परीक्षेत उताऱ्यातच तत्त्व दिलेले असते आणि ते मला माहीत असलेल्या निकालापेक्षा वेगळे असते. काय करू?

उताऱ्यातले तत्त्व लावा. ‘राज्य केवळ नैसर्गिक जलाशयांचे विश्वस्त आहे’ असे उतारा म्हणत असेल तर फुटाळ्याचा निकाल बाजूला ठेवून कृत्रिम तळ्याचा प्रसंग सिद्धांताबाहेर धरा. वर्णनात्मक पेपरात याच्या उलट: तिथे ताजा निकाल लिहिलाच पाहिजे.